धागा: आयपीएलचं मॉडेल रँडम तोडलं तर ७१ टक्के, तारखेनं तोडून कॉलम सुधारला तर ५४. खरं कोणतं धरायचं?

सायली_डोंबिवली

नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून आयपीएलचा सामना सुरू व्हायच्या आधी कोण जिंकेल हे सांगणारं मॉडेल केलंय. २००८ ते २०२२ चे ९५० सामने घेतले आणि निकाल न लागलेले मोजके काढून टाकले. रँडम फॉरेस्ट वापरलंय. कॉलम फार नाहीत: दोन्ही संघांची नावं, मैदान, सीझन आणि दोन्ही संघांच्या त्या सीझनमधल्या विजयाच्या टक्केवारीतला फरक.

`train_test_split` ने ८०-२० असं तोडलं, तर १८९ पैकी १३४ सामने बरोबर आले, म्हणजे ७१ टक्के. गाइड सर खूश झाले, रिपोर्टमध्ये हाच आकडा टाक म्हणाले. पण डिपार्टमेंटच्या एका सीनियरने विचारलं, "२०२२ आधी पाहिलंच नसतंस, तर २०२२ चे निकाल आले असते का?" तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून २०२१ पर्यंतचे सामने शिकायला दिले आणि २०२२ चे ७४ सामने तपासायला ठेवले. ५१ बरोबर, ६९ टक्के. तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग टक्केवारीचा कॉलम कसा काढलाय ते नीट बघितलं. मी पूर्ण सीझन संपल्यावरची टक्केवारी त्या सीझनच्या प्रत्येक सामन्याला लावली होती. ते बदलून त्या दिवसापर्यंतचीच टक्केवारी धरली, तर ७४ पैकी ४० आले. ५४ टक्के.

पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे. तारखेनं तोडणं माझ्या मॉडेलवर अन्याय करतंय, की आधीचे आकडेच खोटे होते?

---

गुगली

ताई, सरळ सांगतो, यात पडू नका. आमच्या चाळीतले दोन जण सट्ट्यात बुडाले. कोण जिंकणार हे आधी सांगणारं काही नसतं.

---

सायली_डोंबिवली

दादा, तुमची काळजी पोचली. पण कोणाला टिप द्यायची नाहीये मला, पैसे लावायचा तर प्रश्नच नाही. मॉडेल तपासायची पद्धत बरोबर आहे का, एवढंच विचारतेय.

---

चौकार_षटकार

सोप्पं आहे. `train_test_split` मध्ये `shuffle=False` टाक. ओळी आहेत त्याच क्रमानं राहतात, शेवटच्या २० टक्के टेस्टमध्ये जातात. झालं तारखेनुसार. एका ओळीचं काम आहे, एवढा मोठा धागा कशाला?

आणि तारखेनं तोडूनही ६९ आले होते ना? मग मॉडेल चांगलंच आहे. नंतर कॉलम बदलून तूच ते बिघडवलंस.

---

सायली_डोंबिवली

`shuffle=False` मी आत्ता करून बघितलं. माझ्या फाइलमधली पहिली ओळ २९ मे २०२२ ची अहमदाबादची फायनल आहे आणि शेवटची ओळ १८ एप्रिल २००८ ची, बंगळुरू-कोलकाता. म्हणजे फाइल उलटी लागलेली आहे. तुम्ही सांगितलं तसं केलं तर मॉडेल २०२२ कडून २०११ कडे शिकत जाईल आणि परीक्षा २००८, २००९, २०१० ची देईल.

---

चौकार_षटकार

अरे हो. मग आधी तारखेनं लावून घे. पण दुसरा मुद्दा मी सोडत नाही.

---

हर्षदा_माहीम

सायली, मी इन्शुरन्समध्ये क्लेमची मॉडेलं करते. तिथेही हेच दुखणं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चौकार यांचा दुसरा मुद्दा आधी घेते, कारण ६९ चा तो आकडाच सगळ्यात जास्त फसवणारा आहे.

आपल्या मुंबईचं २०२२ घेऊ, सगळ्यांच्या लक्षात असेल. पहिला सामना २७ मार्चला ब्रेबॉर्नवर दिल्लीविरुद्ध, हरलो. मग हरतच गेलो, ओळीनं आठ. नववा सामना ३० एप्रिलला डी. वाय. पाटीलवर राजस्थानविरुद्ध, आणि तो पहिला विजय. शेवटचा २१ मेला वानखेडेवर, पुन्हा दिल्लीशीच, जिंकलो. एकूण १४ पैकी ४.

तुझ्या जुन्या कॉलममध्ये मुंबईच्या चौदाही ओळींत ४/१४ हाच आकडा आहे. आता प्रत्येक तारखेला सकाळी पेपर उघडणाऱ्या माणसाला काय माहीत होतं ते बघ. २७ मार्चला काहीच नाही, उलट पाच वेळा जिंकलेला संघ म्हणून बहुतेकांनी मुंबईला वरच धरलं असतं. ३० एप्रिलला ०/८. २१ मेला ३/१३. यातल्या एकाही सकाळी ४/१४ हा आकडा जगात कुठेच नव्हता. २७ मार्चच्या ओळीला तो सांगतो की हा संघ यंदा तळाला जाणार, आणि ३० एप्रिलच्या ओळीला सांगतो की घाबरू नका, पुढे चार विजय येणार आहेत.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे त्या टक्केवारीत त्याच सामन्याचा निकाल मिसळलेला आहे. २१ मेचा सामना घे. दिल्लीनं सीझनमध्ये ७ जिंकले, मुंबईनं ४, तर तुझा फरकाचा कॉलम ३/१४. तोच सामना दिल्लीनं जिंकला असता तर ८ आणि ३, म्हणजे ५/१४. निकाल बदलला की प्रश्नपत्रिकेतला आकडाच बदलतो. उत्तर प्रश्नातच लिहून ठेवलेलं आहे, थोडं पुसट, एवढंच.

आता ६९ कुठून आले ते कळेल. तू ओळी तारखेनं तोडल्यास, पण २०२२ च्या ओळींत २०२२ च्या शेवटाची माहिती आधीच भरलेली होती. भविष्य कॉलमच्या आत बसलं असेल तर ओळी कुठेही कापल्या तरी ते टेस्टमध्ये येणारच. म्हणून चौकार, तिनं मॉडेल बिघडवलेलं नाही, कॉलम दुरुस्त केलाय.

---

चौकार_षटकार

हे पटलं. स्वतःचा निकाल मिसळतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण मग मला उलटं विचारायचंय. कॉलम आता दुरुस्त झालाय ना? भविष्य बाहेर गेलं. मग रँडम तोडायला काय हरकत? प्रत्येक ओळीत फक्त त्या सकाळपर्यंतचीच माहिती आहे.

---

हर्षदा_माहीम

प्रश्न चांगला आहे. सायली, तू करून बघशील का? दुरुस्त कॉलम ठेव, फक्त तोडणं रँडम कर. एकदाच नको, `random_state` बदलून वीस वेळा चालव आणि सरासरी सांग.

---

सायली_डोंबिवली

वीस वेळा चालवलं. सरासरी साधारण ६० टक्के. सगळ्यात कमी ५५, सगळ्यात जास्त ६५.

म्हणजे रँडमनं ६०, तारखेनं ५४. कॉलम तेच, मॉडेल तेच. हे सहा टक्के कुठून आले?

---

हर्षदा_माहीम

तुझ्या कॉलममध्ये संघाचं नाव आणि सीझन दोन्ही आहेत. मुंबईचे २०२२ चे १४ सामने रँडम तोडले की साधारण ११ शिकण्यात जातात आणि ३ तपासण्यात. झाड फांद्या पाडत जातं: संघ मुंबई, सीझन २०२२, बहुतेक ओळी पराभवाच्या. आता तपासणीत २७ मार्चचा सामना आला. त्या ओळीच्या कॉलममध्ये भविष्य नाही, पण एप्रिल-मेचे सामने मॉडेल आधीच शिकून बसलंय. ते मुंबईविरुद्ध बोलणार आणि बरोबर ठरणार. क्रिकेटमधलं त्याला काही कळलेलं नाही, मुंबईचं २०२२ कसं गेलं तेवढं पाठ आहे.

पुढच्या सीझनला यातलं काही हाताशी नसेल. त्या सीझनचा एकही सामना कोणी पाहिलेला नसणार. तारखेनं तोडलं की मॉडेल तंतोतंत त्याच अवस्थेत उभं राहतं.

मात्र त्या सहा टक्क्यांतला प्रत्येक टक्का अशा आधीच शिरलेल्या माहितीचा, म्हणजे गळतीचाच आहे, असं मी म्हणणार नाही. एकीकडे सगळ्या वर्षांतले सामने आहेत, दुसरीकडे फक्त २०२२ चे ७४. २०२२ हे वर्षच अवघड होतं, असंही असू शकतं. ते वेगळं काढावं लागेल.

---

नेरूळ_पश्चिम

अवघड होतंच. मी त्या वर्षी डी. वाय. पाटीलला चार सामने पाहिले. लीगचे सगळे ७० सामने वानखेडे, ब्रेबॉर्न, डी. वाय. पाटील आणि पुण्यात झाले. चेन्नईला चेपॉक नाही, कोलकात्याला ईडन नाही. गुजरात आणि लखनौ हे दोन संघ नवीन. त्याआधी मोठा लिलाव, अर्धे खेळाडू इकडचे तिकडे. अशा वर्षावर परीक्षा घेऊन मॉडेलला नापास करणं मला रास्त वाटत नाही. २०१९ वर घ्या ना.

---

हर्षदा_माहीम

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. साधं वर्ष कोणतं धरायचं? २००९ पूर्ण दक्षिण आफ्रिकेत झालं. २०१४ ची सुरुवात यूएईत. २०२० पूर्ण यूएईत. २०२१ अर्धं इथे, अर्धं तिथे. २०२३ ला इम्पॅक्ट प्लेअर आला. मोठे लिलाव तर ठरावीक वर्षांनी होतातच. पुढचं वर्ष मागच्यासारखं नसणं हाच या स्पर्धेचा स्वभाव दिसतो. रँडम तोडल्यावर प्रत्येक विचित्र वर्षाचे थोडे थोडे सामने शिकण्यात येतात आणि तो विचित्रपणा मॉडेलला कधी जाणवतच नाही.

पण एकाच वर्षावर निकाल देऊ नये, इथे तुमच्याशी सहमत. सायली, असं कर. २०१७ पर्यंत शिकव, २०१८ तपास. मग २०१८ पर्यंत शिकव, २०१९ तपास. असं करत २०२२ पर्यंत ये. पाच वर्षं, पाच परीक्षा, आणि प्रत्येक परीक्षेत पुढचं काहीच माहीत नाही.

---

स्कोअरर_आबा

मी या कॉम्प्युटरच्या गोष्टीतला नाही, पण क्रॉस मैदान आणि आझाद मैदानावर गुणलेखन करण्यात आयुष्य गेलं. धागा वाचताना माझीच एक अडचण इथे सापडली, म्हणून लिहितो.

माझ्याकडे कांगा लीगच्या स्कोअरबुकांचा ढीग आहे. माझ्या पुतण्यानं गेल्या पावसाळ्यात ती एक्सेलमध्ये उतरवायला घेतली. प्रत्येक सामन्यासमोर दोन्ही क्लबांची नावं, धावा, निकाल आणि क्लबची डिव्हिजन. डिव्हिजन त्यानं मला विचारून भरली आणि मी आज ते क्लब कुठे आहेत ते सांगत गेलो. आता हर्षदाताईंचं वाचून ध्यानात आलं की त्या सामन्याच्या वेळी क्लब त्या डिव्हिजनमध्ये होता की नाही, हे आम्ही पाहिलंच नाही. जो क्लब तेव्हा खाली होता आणि जिंकत जिंकत वर आला, त्याच्या जुन्या सामन्यांसमोरही वरची डिव्हिजन लागलीय. पुतण्या म्हणतो, डिव्हिजनवरून निकाल छान ओळखता येतो. येणारच की! जिंकला म्हणून वर गेला, आणि वर गेलेला दिसतोय म्हणून आपण म्हणणार की जिंकेल.

ताई, याला तारखेनं तोडण्याचा उपयोग होईल का?

---

हर्षदा_माहीम

आबा, नाही होणार. सायलीच्या ६९ टक्क्यांचीच ही दुसरी आवृत्ती आहे आणि ओळखायला जास्त कठीण, कारण डिव्हिजन ही आकडेमोड वाटत नाही, क्लबची ओळख वाटते. ती नोंद सामन्याच्या दिवशीची हवी. तुमच्या जुन्या पुस्तकांत डिव्हिजन लिहिलेली असते का?

---

स्कोअरर_आबा

पानाच्या डोक्यावर असते. मैदान, तारीख, डिव्हिजन, पंच, सगळं सामना सुरू व्हायच्या आधी लिहितो. षटक संपलं की गोलंदाजाचं पृथक्करण लिहितो, पुढच्या षटकाचं तेव्हा माहीत नसतंच. पुतण्याला आजच सांगतो, मला विचारू नकोस, पानाचं डोकं वाच.

---

बदलापूर_लोकल

मी चेंडू-चेंडूचा डेटा घेतलाय, क्रिकशीटवरून. दुसऱ्या डावात प्रत्येक चेंडूनंतर पाठलाग करणारा संघ जिंकेल का हे सांगतो. रँडम फॉरेस्टनं ९९ टक्के आले. माझ्यात तर सीझनचा कॉलमच नाही, टक्केवारी नाही. फक्त संघ, शहर, लक्ष्य, उरलेल्या धावा, उरलेले चेंडू, उरलेल्या विकेट. मग मला गळती नाही ना?

---

हर्षदा_माहीम

एका डावात १२० चेंडू, म्हणजे एका सामन्याच्या १२० च्या आसपास ओळी. ओळी रँडम तोडल्या तर त्याच सामन्याच्या शंभरेक ओळी शिकण्यात आणि वीसेक तपासण्यात. दोन संघ, शहर आणि १७३ चं लक्ष्य एवढ्यावरून सामना बहुतेक वेळा ओळखू येतो. बाराव्या षटकाचा तिसरा चेंडू तपासायचा असेल तर दुसरा आणि चौथा निकालासकट आधीच दाखवलेले आहेत.

तारखेनं तोडा, म्हणजे अख्खा सामना एकाच बाजूला जाईल. आणि मग आकडा षटकाप्रमाणे वेगळा बघा. विसाव्या षटकात कोणालाही कळतं कोण जिंकणार, ते सहाव्यात मिसळू नका.

---

बदलापूर_लोकल

तोडून बघितलं. २०२२ वर ९९ चे ७८ झाले. सहाव्या षटकाअखेरपर्यंतचेच चेंडू घेतले तर त्याहूनही बरंच खाली. तीन महिने हा ९९ सगळ्यांना दाखवत होतो, वाईट वाटलं.

---

सायली_डोंबिवली

मी पाच वर्षांचं करायला घेतलं आणि मध्येच अडकले. त्या दिवसापर्यंत खेळलेल्या सामन्यांचा कॉलम तपासत होते, तर काही संघांचे एका सीझनमध्ये तीस तीस सामने दिसतायत. लीगमध्ये १४ असतात ना?

---

नेरूळ_पश्चिम

कोणत्या वर्षी दिसतायत?

---

सायली_डोंबिवली

२००९ ला. फक्त २००९ ला. आणि २०१० हे वर्षच नाहीये!

---

नेरूळ_पश्चिम

मग सीझनच्या कॉलममध्ये बघा. त्या डेटात २०१० चा सीझन `2009/10` असा लिहिलेला असतो, २००८ चा `2007/08` आणि २०२० चा `2020/21`. तुम्ही पहिली चार अक्षरं घेतली असणार. मग दोन वर्षांची एकच मोट बांधली गेली.

---

सायली_डोंबिवली

अगदी तेच केलं होतं! आता तारखेवरूनच वर्ष काढलंय.

---

हर्षदा_माहीम

बरं सापडलं. आयपीएलचा प्रत्येक सीझन एकाच कॅलेंडर वर्षात संपलाय, त्यामुळे तारखेतलं वर्ष पुरतं. सीझनच्या नावावर कधी क्रम लावू नकोस.

तुझा कॉलम मी असा काढला असता. `t` मध्ये प्रत्येक सामन्याच्या दोन ओळी, प्रत्येक संघासाठी एक. `won` म्हणजे जिंकला तर १, हरला तर ०.

```python
t["date"] = pd.to_datetime(t["date"])
t["year"] = t["date"].dt.year
t = t.sort_values("date")

g = t.groupby(["year", "team"])["won"]
t["played"] = g.cumcount()
t["wins"] = g.cumsum() - t["won"]
t["form"] = (t["wins"] + 2) / (t["played"] + 4)
```

सगळा जीव `- t["won"]` मध्ये आहे. `cumsum` आजचा निकालही धरतं, तो परत वजा करायचा. `cumcount` शून्यापासून मोजतं, त्यामुळे ते आपोआप आजच्या आधीपर्यंतचंच असतं. शेवटच्या ओळीत २ आणि ४ मिळवलेत, कारण पहिल्या सामन्याला ०/० येतं आणि दोन सामन्यांनंतर एखादा संघ शंभर टक्के दिसायला लागतो. मुंबईचं २०२२ लावून बघ: २७ मार्चला ०.५०, ३० एप्रिलला ०.१७, २१ मेला ०.२९ यायला हवेत. हे तीन आकडे आले तर कॉलम बरोबर समज.

दोन ओळींच्या या तक्त्यावरून परत सामन्याची एकच ओळ कर. दोन्ही ओळी तशाच ठेवून कोणी रँडम तोडलं तर एकाच सामन्याची आरशातली ओळ पलीकडे जाते.

---

चौकार_षटकार

टॉसचं काय? टॉस कोणी जिंकला आणि काय घेतलं, हे टाकलं तर आकडा वाढेल. वानखेडेवर रात्री दव पडतं, दुसरी बॅटिंग सोपी जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. हे भविष्य धरायचं का?

---

हर्षदा_माहीम

तुम्ही अंदाज कधी सांगणार त्यावर आहे. टॉस झाल्यावर सांगणार असाल तर चालेल. सकाळी सांगणार असाल तर तो भविष्यातला कॉलम आहे, मग ओळी कशाही तोडा. सायलीनं पहिल्या पोस्टमध्ये "सामना सुरू व्हायच्या आधी" एवढंच लिहिलंय. टॉस सुरुवातीच्या अर्धा तास आधी होतो. तिनं घड्याळातली वेळ ठरवावी आणि ती रिपोर्टमध्ये लिहावी.

---

सायली_डोंबिवली

वेळ ठरवली: सामन्याच्या दिवशी सकाळी दहा. टॉस बाहेर. (तुमचे तिन्ही आकडे जुळले ताई, ०.५०, ०.१७, ०.२९.)

पाच वर्षांचे निकाल आले:

२०१८: ६० पैकी ३३
२०१९: ५९ पैकी ३४
२०२०: ६० पैकी ३१
२०२१: ६० पैकी ३२
२०२२: ७४ पैकी ४२

एकूण ३१३ पैकी १७२, म्हणजे ५५ टक्के. २०१९ चा एक बंगळुरूचा सामना पावसात गेला, म्हणून ५९. २०२२ मध्ये ४० चे ४२ झाले, ते बहुधा २ आणि ४ मिळवल्यामुळे.

२०२२ काही वेगळं अवघड वर्ष दिसत नाही. सगळी वर्षं ५२ ते ५८ च्या मध्ये आहेत. म्हणजे रँडमचे ६० कोणत्याच वर्षी मिळाले नाहीत.

---

नेरूळ_पश्चिम

मग २०२२ बद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. तिथेच सगळ्यात वाईट येईल असं वाटलं होतं.

---

चौकार_षटकार

पण ५५ म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा चांगलं आहे. हे तरी नक्की?

---

हर्षदा_माहीम

नक्की म्हणता येत नाही. ३१३ वेळा नाणं उडवलं तर सरासरी १५६-१५७ बरोबर येतील, पण नुसत्या नशिबानं १३९ ते १७४ च्या मध्ये कुठेही येऊ शकतं, वीसपैकी एकोणीस वेळा. १७२ त्या पट्ट्यात आहे, वरच्या काठाला. ७४ सामन्यांवर तर हा पट्टा २८ ते ४६ एवढा रुंद असतो, म्हणजे ४० आणि ४२ मधला फरक मोजायचंही कारण नाही. २ आणि ४ मुळे सुधारलं असं लिहू नकोस, सायली.

आणि आता एक सांभाळ. हे पाच आकडे बघून तू झाडांची संख्या बदलशील, ४ चे ६ करशील, पुन्हा बघशील, आणि ज्यानं जास्त येईल ते ठेवशील. तसं केलंस तर तारखेनं तोडूनही त्या वर्षांची उत्तरं तुझ्या हातून मॉडेलमध्ये शिरतात. जे बदलायचं ते २०१८ ते २०२१ वर ठरव. २०२२ तू पाहिलंच आहेस, त्यामुळे ते आता कोरं राहिलेलं नाही. २०२३ चे ७४ सामने तुझ्या फाइलमध्ये नाहीत ना? ते घे, बाजूला ठेव आणि सगळं ठरल्यावर एकदाच चालव.

---

सायली_डोंबिवली

हे करते. २०२३ ची फाइल उतरवून घेतलीय, उघडली नाहीये.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. पहिली म्हणजे २०२२ ला गुजरात आणि लखनौ यांचा इतिहासच नाही, तर संघाच्या नावाच्या कॉलमला काय द्यायचं? मॉडेलनं ती नावं कधी पाहिलेलीच नाहीत. गुजरातनं लीगमध्ये १४ पैकी १० जिंकले आणि शेवटी कप नेला, माझं मॉडेल पहिले कितीतरी सामने त्यांना ओळखतच नव्हतं. दुसरी म्हणजे मोठ्या लिलावानंतर २०१३ ची मुंबई २०२२ च्या मुंबईबद्दल काही सांगते का? जुनी वर्षं टाकून द्यायची का?

---

नेरूळ_पश्चिम

संघाचं नावच काढून टाका, असं माझं मत. खेळाडू बदलले की नाव ही फक्त जर्सी. त्याऐवजी संघातल्या अकरा जणांचं आधीच्या वर्षापर्यंतचं काम घ्या, मग गुजरातचाही इतिहास मिळतो. हार्दिक, राशिद, मिलर काही आकाशातून पडले नव्हते.

---

हर्षदा_माहीम

पण सकाळी दहा वाजता अकरा जण माहीत नसतात, ते टॉसला कळतात. पंचवीस जणांचा ताफा माहीत असतो. ताफ्यावरून काढता येईल, काम मोठं आहे. आणि खेळाडूच्या कारकिर्दीची सरासरी कुठून तरी उचलली तर ती आजपर्यंतची असते, त्या तारखेपर्यंतची नाही. आबांच्या डिव्हिजनसारखंच होईल.

जुनी वर्षं ठेवायची की टाकायची, यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. टाकली तर शिकायला सामने उरत नाहीत, ठेवली तर शिळं शिकतं. आमच्याकडे क्लेमच्या बाबतीत जुन्या वर्षांना कमी वजन देतो, पण तिथे ओळी लाखांत असतात. दोन्ही करून बघ, २०२१ पर्यंतच्या वर्षांवर.

---

चौकार_षटकार

मी मात्र जुनी ठेवेन. २०१३ ते २०२२ दरवर्षी मुंबई पहिला सामना हरली, लिलाव कितीही झाले तरी.

---

सायली_डोंबिवली

आज गाइड सरांना दाखवलं. आधी म्हणाले, ७१ वरून ५५ लिहिलंस तर बाहेरून येणारे परीक्षक विचारतील काय बिघडलं. मी त्यांना मुंबईच्या चौदा ओळींचा तक्ता दाखवला. एका बाजूला सगळीकडे ४/१४, दुसऱ्या बाजूला ०/०, ०/१, ०/२ असं ३/१३ पर्यंत. त्यांनी तो दोनदा वाचला आणि २१ मेच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे पहिल्या पानावर घे.

चारही आकडे क्रमानं देतेय: ७१, ६९, ६० आणि ५५, प्रत्येकासमोर कोणती माहिती कुठून शिरली होती ते. ५५ समोर १३९ ते १७४ चा पट्टा. २०२३ रविवारी रात्री चालवणार, आकडा काहीही आला तरी इथे टाकते.

---

स्कोअरर_आबा

पोरी, टाक नक्की. इकडे पुतण्यानं पहिल्या चार पुस्तकांची डिव्हिजन पानाच्या डोक्यावरून पुन्हा भरली. अकरा क्लबांची बदलली. दोन पुस्तकांचं डोकं पावसात भिजून शाई पसरलीय, ते वाचता येत नाही. ते कोरंच ठेवायला सांगितलंय.